उन्हाळ्यातली प्रॅक्टिस: पोट्ट्यांना पाणी किती, मीठ किती आणि ताटात काय

आमच्या गावात हरभरा-तूर घेणाऱ्या एका दुकानदाराकडे इलेक्ट्रॉनिक काटा आहे, ५० ग्रॅमपर्यंत बरोबर दाखवतो. एप्रिल-मे मध्ये रोज सकाळी साडेपाचला माझे कबड्डीचे पोट्टे-पोट्ट्या त्याच्यावर एकेक करून उभे राहतात आणि प्रॅक्टिस झाली की परत उभे राहतात. पहिल्या दिवशी ते काका म्हणाले, "गुर्जी, मी पोते मोजतो, हे काऊन आणले?" आता तेच वहीत आकडे लिहून ठेवतात.

हा काटा सुरू करण्यामागे माझीच एक चूक आहे, ती आधी सांगतो. काही वर्षांपूर्वी एका गावात टूर्नामेंट होती, मॅच लागली सकाळी अकराला, तीही एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात. माझा एक दहावीतला पोरगा सकाळपासून फक्त चहा-टोस्टवर होता, पाणीही नीट प्यालेला नव्हता आणि हे मला माहीतच नव्हतं. दुसऱ्या हाफमध्ये त्याच्या पोटऱ्या आखडल्या, उभं राहता येईना, मी घाबरून त्याला साध्या पाण्याच्या दोन बाटल्या एकापाठोपाठ एक पाजल्या आणि पाचच मिनिटात त्याने सगळं पाणी ओकून टाकलं. नशिबाने संध्याकाळपर्यंत तो बरा झाला. पण त्या दिवशी मला कळलं की मला "पाणी प्या रे" एवढंच सांगता येते, किती, कधी आणि त्यात काय टाकून, हे काहीच माहीत नाही. नंतर आरोग्य उपकेंद्रातल्या डॉक्टरांना विचारून, वाचून आणि तीन उन्हाळे वह्या भरून जे जमत गेलं ते इथे लिहितो. डोक्यात १२ ते १७ वर्षाची पोरं आहेत, सकाळची दीड तासाची प्रॅक्टिस, आणि घरात किंवा किराणा दुकानात जे मिळते तेवढंच सामान.

आपल्याकडचा घाम दिसत नाही

कोकणातला पोरगा खेळला की टी-शर्ट पिळून पाणी निघते. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये हवा इतकी कोरडी असते की घाम अंगावर आला की उडून जातो, त्यामुळे पोरालाही वाटते मला काही घाम आला नाही आणि आपल्यालाही तसंच वाटते. काळी किंवा निळी जर्सी वाळल्यावर पाठीवर आणि काखेजवळ पांढऱ्या रेघा दिसतात ना, ते मीठ आहे. पाणी उडून गेलं, मीठ मागे राहिलं. ज्याच्या जर्सीवर या रेघा जास्त, त्याच्या घामातून मीठ जास्त जाते. अशी एक-दोन पोरं प्रत्येक टीममध्ये असतात, त्यांची नावं वहीत वेगळी लिहून ठेवायची.

शरीर थंड कसं राहते हे पोरांना समजवायला मी माठ दाखवतो. माठ पाझरतो, बाहेरचं पाणी उडते आणि आतलं थंड होते. शरीराचंही तेच. माठात पाणीच कमी असलं तर पाझरणार काय? म्हणून जो पोरगा आदल्या दिवसापासूनच कोरडा आहे, त्याचं अंग लवकर तापते, मग तो कितीही तगडा असो. आणि जूनच्या सुरुवातीला ढग यायला लागले, हवा दमट झाली की माठातलं पाणी थंड होत नाही हे आपण दरवर्षी बघतो, कुलरही काम करत नाही, तसंच शरीराचंही होते, घाम नुसता निथळतो पण थंडावा देत नाही. थर्मामीटर ४४ वरून ३८ वर आला म्हणून आपण प्रॅक्टिस वाढवतो आणि फसतो ते इथेच.

पहिलं काम: वजन

दोन-तीन दिवस फक्त हेच करा, बाकी काही बदलू नका. प्रॅक्टिसच्या आधी लघवीला जाऊन यायचं, कोरडे हलके कपडे घालून, चपला-बूट काढून काट्यावर उभं राहायचं. प्रॅक्टिसमध्ये जे पिलं ते मोजायचं, त्यासाठी प्रत्येकाची बाटली वेगळी आणि त्याच्यावर नाव. प्रॅक्टिस संपल्यावर अंग पुसून, ओले कपडे बदलून परत काटा. कपडे बदलणं इथे महत्त्वाचं आहे, कारण घामाने भिजलेली जर्सी आणि शॉर्ट मिळून शे-दोनशे ग्रॅम पाणी धरून ठेवते आणि मग वाटते की पोराचं काही गेलंच नाही.

मुलींचं वजन आमच्या मॅडम घेतात आणि आकडा कधीच मोठ्याने वाचत नाही, सरळ वहीत. चौदा-पंधरा वर्षाच्या मुलीचा आकडा सगळ्यांसमोर वाचला की दुसऱ्या दिवसापासून ती जेवण कमी करते, हे मी बघितलं आहे. हे वजन पाण्याचं आहे, जाड-बारीकचं नाही, हे घरच्यांनाही सांगायचं.

आता एक खरा हिशोब बघू. आमची नववीतली एक रेडर आहे. मागच्या एप्रिलमध्ये पहिल्या दिवशी प्रॅक्टिसच्या आधी भरली ४१.२ किलो. पावणेसहा ते सव्वासात प्रॅक्टिस. तेवढ्यात ती पिली ३०० मिली, म्हणजे दोन छोटे ग्लास. नंतर वजन ४०.३ किलो. म्हणजे काट्यावर ९०० ग्रॅम कमी झालं, पण मधात ३०० मिली पोटात गेलं होतं, ते मिळवायचं, म्हणून घाम गेला साधारण १२०० मिली. दीड तासात सव्वा लिटर! आणि सूर्य पूर्ण वर यायच्या आधी.

यातला कोणता आकडा बघायचा? नियम सोपा आहे, वजनाच्या २ टक्क्यांपेक्षा जास्त कमी झालं नाही पाहिजे. ४१ किलोच्या पोरीसाठी २ टक्के म्हणजे साधारण ८०० ग्रॅम. तिचं ९०० गेलं होतं. याच्या पलीकडे गेलं की ठोके वाढतात, पाय जड होतात, आणि कबड्डीत दिसून येते ते म्हणजे निर्णय चुकतात, बोनस घ्यायच्या जागी आत शिरते, शेवटच्या दहा मिनिटात उगाच पकडली जाते. आम्ही तिला "स्टॅमिना कमी आहे" म्हणून जास्त राऊंड मारायला लावत होतो. तिला राऊंड नाही, पाणी कमी पडत होतं.

पाणी: किती आणि कसं

मग तिला १२०० मिली जाते म्हणून १२०० मिली पाजायचं का? नाही. धावता-धावता पोट तेवढं पुढे ढकलत नाही, आणि पोरंच सांगतात, "सर, पोटात गुडगुड करते, पयता येत नाई." गेलेल्या पाण्याचा अर्ध्याहून थोडा जास्त भाग खेळताना भरायचा आणि बाकीचा नंतर. तिच्यासाठी बसलं ते असं: दर १५ मिनिटाला १५० मिली, दीड तासात पाच वेळा, एकूण ७५० मिली. बाकी राहिलं ४५० मिली, ते प्रॅक्टिसनंतर भरायचं, पण दीडपट करून, म्हणजे ७०० मिलीच्या आसपास, पुढच्या दोन तासात थोडं-थोडं. दीडपट यासाठी की पिलेल्यातलं काही लघवीवाटे निघूनच जाते.

शिट्टी वाजली की सगळ्यांनी प्यायचं असा नियम केला आहे, तहान लागली की जा, असं नाही. पोरं खेळात असली की त्यांना तहान उशिरा कळते, आणि सिनियर पोरं पाणी पीत नाहीत हे बघून छोटेही पीत नाहीत. शिट्टीने हा प्रश्न मिटला. पण ज्याला नकोच आहे त्याच्यावर जबरदस्ती नाही, त्याचं कारण खाली येईल.

एक गोष्ट मला वर्षभर कळली नव्हती. मुली सकाळी पाणी पीतच नव्हत्या. शेवटी एकीने मॅडमला सांगितलं, "मॅडम, पाणी पेलं की मंग जा लागते, अन् ग्राउंडवर जागा कुठी हाय?" मी इकडे मिलीलिटर मोजत बसलो होतो. आम्ही शाळेच्या संडासाची चावी मॅडमकडे सकाळी पाचलाच द्यायला सुरुवात केली, आत बादलीभर पाणी आणि दाराला कडी. त्या आठवड्यातच मुलींचं पाणी वाढलं. तुमच्या गावात ग्राउंड शाळेपासून लांब असेल तर शेजारच्या घरी बोलून ठेवा, पण हे पाण्याच्या आधी करा, कारण याच्याशिवाय बाकीचा सगळा हिशोब वहीतच राहते.

मीठ-साखरेचं पाणी

अर्ध्या-पाऊण तासाच्या हलक्या प्रॅक्टिसला साधं पाणी पुरते. दीड तास आणि उन्हाळा असेल तर त्यात मीठ आणि साखर पाहिजे, आणि दोन्ही पाहिजे. आतड्यात साखर आणि मीठ जोडीने आत शिरतात आणि आपल्यासोबत पाणी ओढून नेतात. नुसतं पाणी पण जातेच, पण जोडी असली की लवकर जाते आणि शरीरात टिकते. जुलाबात ओआरएस चालते ते याच तत्त्वावर.

मापासाठी चमचा वापरू नका, प्रत्येक घरचा चमचा वेगळा. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं झाकण असते ना, ५ मिलीची खूण असलेलं, ते धुवून वाळवून ठेवा. ४ लिटर पाण्याला ५ मिलीच्या खुणेपर्यंत सपाट भरलेलं एक झाकण मीठ, म्हणजे साधारण ६ ग्रॅम. साखर १५० ग्रॅम. ही साखर एकदा दुकानातून मोजून आणायची, घरच्या वाटीत ओतायची आणि कुठपर्यंत येते ते बघून ठेवायचं, मग रोज काटा लागत नाही. साखरेऐवजी गूळ चालतो, तेवढाच, पण गाळून घ्यायचा. गुळाने काही जास्त ताकद येते असं नाही, पोरांना चव आवडते एवढंच. आधी मीठ विरघळवा आणि चाखा, डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर चुकलं, पाणी वाढवा. मग साखर, मग आंबट.

आंबट म्हणजे लिंबू, पण उन्हाळ्यात लिंबू किती महाग होते ते सांगायला नको, सगळ्या मिश्रणात तेच महाग पडते. कैरी मात्र एप्रिल-मे मध्ये बांधावर फुकट असते. दोन मध्यम कैऱ्या उकडून त्याचा गर ४ लिटरमध्ये कुस्करला की झालं. हे घरच्या पन्ह्यापेक्षा बरंच पातळ आणि कमी गोड लागणार, तसंच पाहिजे. घरचं गोड पन्हं, उसाचा रस, कोल्ड्रिंक, हे सगळं मैदानावर प्यायला जास्त गोड आहे, पोटात थांबून राहते आणि मळमळते. उसाचा रस घरी जाताना प्या, काही बिघडत नाही.

आमच्या दहा जणांना रोज ८ लिटर लागते. म्हणजे दोन झाकणं मीठ, ३०० ग्रॅम साखर, चार कैऱ्या. साखर ४५ रुपये किलो धरली तर साडेतेरा रुपये, डोक्यामागे दीड रुपयाच्याही आत. मीठ तर हिशोबातच नाही.

पाणी उकळून थंड केलेलं किंवा क्लोरीन टाकलेलंच घ्या. मे मध्ये विहिरी तळाला जातात, टँकर येतात, आणि एकदा जुलाब लागले की वरचा सगळा हिशोब पाण्यात. मिश्रण सकाळी ताजं करायचं, माठात ठेवायचं, लांब दांड्याच्या ओगराळ्याने बाटलीत ओतायचं, कोणाचाही ग्लास किंवा हात माठात जाऊ द्यायचा नाही, उरलेलं दुपारी फेकून द्यायचं. साखर आहे, उन्हात आंबते.

ओआरएसची पुडी रोज लागत नाही, त्यात मीठ आपल्या मिश्रणापेक्षा दुपटीहून जास्त असते. ती जुलाब-उलटी झालेल्यासाठी, किंवा खूप घाम जाऊन गळून गेलेल्यासाठी जवळ ठेवा, आशाताईंकडे मिळते. पुडीवर जेवढं लिहिलं तेवढ्याच पाण्यात पूर्ण पुडी टाकायची, अर्धी पुडी ग्लासात असं अंदाजे नाही. दुकानात डब्यात मिळणारी गोड पेयं ओआरएस नाहीत, खाण्यापिण्याच्या वस्तूंचे नियम ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने, एफएसएसएआयने, ऑक्टोबर २०२५ मध्ये अशा पेयांच्या नावात ओआरएस शब्द वापरायला मनाई केली ती याचमुळे. पुडीवर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेलं बघून घ्या.

खाणं आदल्या रात्रीपासून

सकाळी पाचला उठून कोणी पोटभर खाऊ शकत नाही, म्हणून सकाळच्या प्रॅक्टिसचं खरं जेवण आदल्या रात्रीचं. आठच्या आत जेवून घ्या. दोन भाकरी किंवा पोळ्या, वरण-भात, जी असेल ती भाजी, सोबत कांदा-काकडी. रात्री भात खाऊ नये, आळस येतो, असं बरेच पालक म्हणतात, पण खेळणाऱ्या पोराला रात्रीचा भात पाहिजेच, सकाळी पायात जे इंधन असते ते त्याचंच. झोपायच्या आधी एक ग्लास पाणी.

सकाळी उठल्या-उठल्या एक मोठा ग्लास पाणी, साधारण २५० मिली, घोट-घोट. मग थोडंसं खायचं जे लवकर पचते: एक केळं, किंवा अर्धी शिळी भाकर गुळासोबत, किंवा मूठ-दोन मूठ मुरमुरे आणि गुळाचा खडा. शेंगदाणे, फुटाणे, अंडं, दूध आत्ता नाही. चांगले पदार्थ आहेत पण हळू पचतात, पळताना छातीशी येतात. भिजवलेले शेंगदाणे पहाटे खाऊन ग्राउंडवर येणारे पोट्टे पोलीस भरतीवाल्यांचं बघून शिकले, आणि मग करपट ढेकर देत राऊंड मारतात. तेच शेंगदाणे प्रॅक्टिसनंतर खा.

प्रॅक्टिस सुटल्यावर अर्ध्या-पाऊण तासात काहीतरी पोटात गेलं पाहिजे. माझ्या मते यावेळेला ताकासारखं दुसरं काही नाही. दोन ग्लास ताक, त्यात चिमूटभर मीठ आणि जिरं, सोबत मूठभर फुटाणे किंवा भिजवलेले शेंगदाणे आणि गूळ. पाणी, मीठ, थोडं प्रोटीन, गोड, सगळं आलं, आणि घरी गाय-म्हैस असेल तर खर्च फुटाण्याचाच. ज्यांच्याकडे ताक नाही त्यांनी मैदानातलं उरलेलं मीठ-साखरेचं पाणी आणि फुटाणे. टरबूज, डांगर स्वस्त झालं की फोडी वाटायच्या, पण त्यात मीठ नसते, म्हणून वरून मीठ भुरभुरायचं.

मग साडेआठ-नऊला नीट जेवण. त्या रेडरच्या घरी जे बनते त्यातच बसवलं: दोन भाकरी, बेसन किंवा सोयावडीची भाजी, जवसाची नाही तर शेंगदाण्याची चटणी, कच्चा कांदा, वर लिंबू असलं तर लिंबू. आठवड्यात तीन-चारदा अंडी. आपल्याकडे घरोघरी सोयाबीन पिकते पण खाण्यात येत नाही, सगळं विकायला जाते. सोयावडी किराणा दुकानात मिळते, एका मुठीएवढ्या कोरड्या वडीत, म्हणजे २५ ग्रॅममध्ये, दोन अंड्यांएवढं प्रोटीन असते. घरचं सोयाबीन वापरत असाल तर रात्रभर भिजवून कुकरमध्ये चांगलं शिजवा, कच्चं किंवा अर्धवट शिजलेलं पोटाला त्रास देते.

नववी-दहावीच्या पोरांना शाळेतला पोषण आहार मिळत नाही, तो आठवीपर्यंतच, म्हणून या वयात घरचं ताट मोजूनच बघावं लागते. दिवसभरात चार भाकरी, दोन वाट्या घट्ट वरण, मूठभर फुटाणे, मूठभर शेंगदाणे, दोन-तीन ग्लास ताक किंवा एक ग्लास दूध, एवढं झालं तर ४१ किलोच्या पोरीचं प्रोटीन जवळपास भागते, अंडं किंवा सोयावडी आली की पूर्ण. प्रोटीन पावडरच्या महागड्या डब्यांची गरज नाही. पातळ वरण, ज्यात तळाशी डाळ शोधावी लागते, ते मात्र मोजू नका.

मिठाचं एक राहिलं. तिच्या सव्वा लिटर घामातून अडीच ग्रॅमच्या आसपास मीठ गेलं असेल. मैदानावर ७५० मिलीतून साधारण एक ग्रॅम परत आलं, बाकी ताक, चटणी, भाजी, लोणच्याच्या फोडीतून आपोआप येते. म्हणून जेवणारं पोर असेल तर वेगळं मीठ खायला लावू नका, मिठाच्या गोळ्या तर अजिबात नाही. अडचण न जेवणाऱ्याची आहे, किंवा उपवास धरून आलेल्याची. उपवासाच्या दिवशी आमच्याकडे फक्त स्ट्रेचिंग आणि स्किल, राऊंड नाही.

कुठे बिघडते आणि कसं ओळखायचं

जास्त पाण्यानेही बिघडते. हे सांगितलं की लोक विश्वास ठेवत नाहीत. नुसतं साधं पाणी घामापेक्षा जास्त ढोसलं तर रक्तातलं मीठ पातळ होते. डोकं दुखते, मळमळते, उलटी होते, हात-बोटं सुजल्यासारखी वाटतात, पोरगं गोंधळल्यासारखं करते. अशक्तपणासारखंच दिसते म्हणून आपण अजून पाणी पाजतो, आणि तेच धोक्याचं. इथे काटा उपयोगी पडते: प्रॅक्टिसनंतर वजन आधीपेक्षा वाढलेलं असेल तर त्याने घामापेक्षा जास्त पिलं आहे, पाणी बंद करा, आणि वर सांगितलेलं काही दिसत असेल तर थेट दवाखाना. पाण्याची जबरदस्ती नाही म्हटलं ते यासाठी.

पोटरी आखडली तर खेळ थांबवा, सावलीत बसवा, पाय सरळ करून पंजा हळूहळू पोराच्या अंगाकडे ताणा आणि मीठ-साखरेचं पाणी घोट-घोट द्या. त्या दिवशीची प्रॅक्टिस संपली.

चक्कर, डोकं दुखणं, खूप थकवा, पण पोरगं बरोबर बोलते आहे, नाव-गाव सांगते आहे, तर सावली, पाय थोडे वर, ओला दुपट्टा, पाणी. अर्ध्या तासात उतरलं नाही तर दवाखाना.

आणि बरळायला लागलं, चालताना झोक जायला लागला, विचारलं काय आणि सांगते काय, किंवा पडलं आणि अंग भट्टीसारखं तापलं आहे, तर तो उष्माघात समजा. अंग कोरडं असेल तरच उष्माघात, असं नाही, खेळताना झालेल्या उष्माघातात अंग घामाने ओलंही असते. यावेळी तोंडाने काहीच द्यायचं नाही. १०८ ला फोन एकाने करायचा आणि बाकीच्यांनी त्याच क्षणी थंड करायला लागायचं: गुरांची पाण्याची टाकी जवळ असेल तर डोकं वर धरून मानेपर्यंत त्यात बसवा, नसेल तर बादल्या ओतत राहा, ओले कपडे बदलत राहा, जोराने वारा घाला. गाडीची वाट बघत नुसतं बसू नका, पहिला अर्धा तास सगळ्यात कामाचा. खिशात कांदा ठेवून यातलं काही टळत नाही. कांदा जेवणात खा, चांगला आहे.

रोजची वही

सुट्टीत होस्टेलवरून किंवा शहरातून आलेलं पोर पहिल्याच दिवशी टीमसोबत दीड तास खेळवू नका. पहिले तीन-चार दिवस अर्धा-पाऊण तास, मग हळूहळू वाढवत दहा ते चौदा दिवसात पूर्ण वेळ. तेवढ्या दिवसात शरीर घाम लवकर आणि जास्त सोडायला शिकते, घामातलं मीठही वाचवायला शिकते. म्हणजे सरावलेल्या पोराला पाणी कमी नाही, जास्त लागते, आणि म्हणून घामाचा हिशोब पंधरा दिवसांनी पुन्हा मांडायचा. आणि ढग आले, दमट झालं की लगेच पुन्हा.

रेडरची वही सांगतो. बाराव्या दिवशी आधी ४१.४, नंतर ४०.९, मधात पिलं ७५०. घाम थोडा वाढला, साडेबाराशे मिली, पण वजन फक्त ५०० ग्रॅम कमी, १ टक्क्याच्या थोडं वर. शेवटच्या दहा मिनिटात ती पहिल्यासारखीच रेड मारत होती.

वहीत आता एक रकाना मी सगळ्यात आधी बघतो, सकाळच्या वजनाचा. कालच्या सकाळपेक्षा आज ४०० ग्रॅमपेक्षा जास्त कमी असेल, आणि सकाळची लघवी मोहरीच्या तेलासारखी गडद पिवळी असेल, तर कालचं भरून आलेलं नाही, मग रात्री जेवला का, पाणी मिळालं का, घरी कोणाच्या लग्नात जागरण झालं का, ते विचारायचं. त्याला त्या दिवशी पाण्याची बाटली आणि वही हातात देऊन सावलीत बसवायचं, बाकीच्यांचे आकडे तोच लिहितो.